४८ मिनिटं २० सेकंद पहिली कशी येतात?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या दौडीचा निकाल वाचायची खरं तर गरजच नसते. पहिले तिघे थर्ड इयर नाहीतर फायनल इयरचे, तिघेही वीस-एकवीस वर्षांचे, तिघेही मुलगे. स्टाफमधलं कोणी पळालंच तर शेवटी टाळ्या, एक गुलाबाचं फूल आणि "यांनीसुद्धा उत्साहाने भाग घेतला" असं एक वाक्य. मुलींना वेगळा कप, तोही नावं कमी आली म्हणून आदल्या रात्री घाईघाईत ठरवलेला. दोन वर्षं असा निकाल लागला की तिसऱ्या वर्षी स्टाफमधलं कोणी नाव देत नाही, आणि मग आपणच म्हणतो की स्टाफला इंटरेस्ट नाही.

मित्रांनो, यावर एक चांगला तोडगा जगात बरीच वर्षं वापरात आहे. त्याला एज ग्रेडिंग म्हणतात. धावणाऱ्याचं वय आणि तो पुरुष की स्त्री हे लक्षात घेऊन वेळेचे टक्के काढायचे आणि त्या टक्क्यांवर सगळ्यांना एका यादीत बसवायचं. हे ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "म्हणजे ग्रेस मार्क!" तर नाही. ग्रेस मार्क आणि हे यात फरक आहे, आणि तो समजला की बाकी सगळं सोपं आहे.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा आपण एका रविवारी सकाळी सहाला टिटवाळ्यात १० किलोमीटरची दौड ठेवली. (अंगारकीच्या आठवड्यात नको. महागणपतीच्या गर्दीतून वाट काढत कोणाचाच रेकॉर्ड व्हायचा नाही.) पुष्कळ जण पळाले, त्यातले चार आपण बघू. २१ वर्षांचा एक विद्यार्थी ४१ मिनिटं ४० सेकंदात आला. ५७ वर्षांचे वॉचमनकाका ४८:२० मध्ये आले. २० वर्षांची एक विद्यार्थिनी ४९:३० मध्ये आली. आणि मेसच्या मावशी, वय ४५, त्या ५३:२० मध्ये आल्या. माणसं काल्पनिक आहेत, पण अशा वेळा कुठल्याही साध्या दौडीत दिसतात.

घड्याळ म्हणतं पोरगा पहिला. त्यात वाद नाही, रेषा त्यानेच आधी ओलांडली. पण सत्तावन्नाव्या वर्षी ४८:२० पळणं आणि एकविसाव्या वर्षी ४१:४० पळणं, यात जास्त अवघड काय? याचं उत्तर घड्याळाकडे नाही.

जुना उपाय म्हणजे मिनिटांची सूट. पन्नाशीच्या वर पाच मिनिटं, स्त्रियांना सहा मिनिटं, असं काहीतरी कमिटीने बसून ठरवायचं. यात दोन घोटाळे आहेत. एक म्हणजे पाचच का, सात का नाही, याला कोणाकडे उत्तर नसतं, आणि ज्याचा नंबर जातो तो भांडतो. दुसरा घोटाळा जास्त खोल आहे. वयाने माणसाचा वेग ठराविक मिनिटांनी कमी होत नाही, ठराविक प्रमाणात कमी होतो. पन्नाशीतला चांगला धावपटू ३५ मिनिटांत १० किलोमीटर पळतो आणि त्याच वयाचा हौशी माणूस ७० मिनिटांत. दोघांना पाच मिनिटं दिली तर पहिल्याला त्याच्या वेळेचा सातवा हिस्सा मिळाला आणि दुसऱ्याला चौदावा. शिवाय दौड ५ किलोमीटरची केली तर ती पाच मिनिटं अडीच करायची की तशीच ठेवायची? म्हणून बेरीज-वजाबाकी नको, गुणाकार-भागाकार हवा.

आता परीक्षेचंच बघा. एकाला १०० पैकी ६४ मिळाले आणि दुसऱ्याला ७५ पैकी ५०, तर ६४ मोठे की ५० हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपण टक्के काढतो, पहिल्याचे ६४ आणि दुसऱ्याचे ६६.७, आणि मोकळे होतो. एज ग्रेडिंगमध्ये नेमकं हेच आहे. प्रत्येक वयाला, स्त्री-पुरुषांना वेगळा, आणि प्रत्येक अंतराला वेगळा असा एक 'पैकी'चा आकडा ठरवलेला असतो. त्याला आपण मानक वेळ म्हणू. त्या वयाच्या त्या अंतरात जगात माणूस जास्तीत जास्त किती जोरात पळू शकतो, त्याचा तो अंदाज. फक्त दौडीत कमी वेळ म्हणजे चांगलं, म्हणून भागाकार उलटा होतो. मानक वेळ वर, आपली वेळ खाली, आणि गुणिले शंभर. ग्रेस मार्कात उत्तरपत्रिकेत नसलेले गुण घातले जातात. इथे कोणाला एक सेकंदही मिळत नाही, फक्त कोणाचा पेपर किती मार्कांचा होता ते आधी बघतात.

मानक वेळ काढायची दोन पायऱ्यांत. पहिली, ऐन तारुण्यातल्या खेळाडूची सर्वोत्तम वेळ, साधारण जागतिक विक्रमाच्या आसपासची. दुसरी, वयाचा गुणांक. विशीच्या सुरुवातीपासून तिशीच्या आसपासपर्यंत हा गुणांक १ असतो, मग हळूहळू उतरतो. तरुणाची वेळ भागिले गुणांक म्हणजे त्या वयाची मानक वेळ.

आपल्या उदाहरणासाठी १० किलोमीटरची तरुण पुरुषाची वेळ २६:३०, म्हणजे १५९० सेकंद धरू, आणि तरुण स्त्रीची २९:००, म्हणजे १७४० सेकंद. काकांचा गुणांक ०.८३ आणि मावशींचा ०.९१ धरू. हे सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून जवळपासचे घेतलेत. खरी दौड भरवाल तेव्हा ते छापील तक्त्यातूनच घ्या. का, ते पुढे येईलच.

विद्यार्थ्याच्या ४१:४० चे सेकंद २५००. गुणांक १, म्हणून १५९० भागिले २५००, म्हणजे ६३.६ टक्के. काकांची मानक वेळ १५९० भागिले ०.८३, म्हणजे १९१६ सेकंद, म्हणजे जवळजवळ ३२ मिनिटं. काका २९०० सेकंदांत आले. १९१६ भागिले २९००, ६६.१ टक्के. विद्यार्थिनीचे १७४० भागिले २९७०, ५८.६ टक्के. मावशींची मानक वेळ १७४० भागिले ०.९१, म्हणजे १९१२ सेकंद, आणि त्यांनी घेतले ३२००, म्हणून ५९.८ टक्के.

म्हणजे यादी अशी लागली: काका, विद्यार्थी, मावशी, विद्यार्थिनी. पावणेसात मिनिटं मागून आलेला माणूस वर गेला, आणि त्याला कोणी एक सेकंद सूट दिलेली नाही.

हाच हिशेब दुसऱ्या तोंडानेही सांगता येतो. काकांचे २९०० सेकंद गुणिले ०.८३ केले की २४०७ येतात, म्हणजे ४० मिनिटं ७ सेकंद. याला वयानुसार सुधारलेली वेळ म्हणतात. पोरांना ही जास्त पटते, कारण ४०:०७ आणि ४१:४० शेजारी शेजारी दिसतात. पण तिचा अर्थ नीट घ्या. काका एकविसाव्या वर्षी ४०:०७ पळाले असते असं ती म्हणत नाही. तेव्हा कदाचित ते पळतच नसतील. त्यांच्या वयाच्या जगातल्या सर्वोत्तमाच्या ते जितके जवळ आहेत, तितका जवळ असणारा तरुण ४०:०७ मध्ये येईल, एवढंच.

आता खरा प्रश्न. हे ०.८३ आलं कुठून? कमिटीने पाच मिनिटं ठरवली तसंच कोणीतरी हेही ठरवलंय का?

नाही, ते निकालांमधून काढलेलं आहे. त्यासाठी एक खराखुरा माणूस भेटवतो. कॅनडात एड व्हिटलॉक नावाचे गृहस्थ होते, जन्म १९३१, मृत्यू २०१७. पांढरे केस, काडीसारखं शरीर, आणि सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास गोल गोल पळणं. २००४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी टोरांटोला ते मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पळाले. त्या वेळचा जगातला विक्रम पॉल टेरगाटचा होता, २:०४:५५. आता सेकंद करून भागा. ७४९५ भागिले १०४८८, उत्तर ०.७१५. म्हणजे ७३ वर्षांचा माणूस जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाच्या ७१.५ टक्के वेगाने पळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

हेच व्हिटलॉक २०११ मध्ये ऐंशीव्या वर्षी ३:१५:५४ पळाले, तेव्हा विक्रम २:०३:३८ होता. भागाकार ०.६३१. मग २०१६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, ३:५६:३८. त्या वेळचा विक्रम २:०२:५७, भागाकार ०.५२०. त्या वयात चार तासांच्या आत मॅरेथॉन संपवणारा तो पहिला माणूस.

हे तीन बिंदू ग्राफ पेपरवर टाका, खाली वय आणि उभ्या अक्षावर भागाकार. तिशीत १ आहे आणि ७३ ला ०.७१५, म्हणजे त्या त्रेचाळीस वर्षांत सरासरी घसरण वर्षाला ०.००७ च्या आसपास. ७३ ते ८० मध्ये ती ०.०१२ होते. ८० ते ८५ मध्ये ०.०२२. म्हणजे रेषा सरळ नाही. आधी सपाट, मग मंद उतार, आणि शेवटी कड्यासारखी. म्हणूनच "दर दहा वर्षांना इतके टक्के" असा सोपा नियम चालत नाही. ज्यांनी एम-थ्री मध्ये कर्व्ह फिटिंग केलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. असे बिंदू प्रत्येक वयाचे, प्रत्येक अंतराचे जगभरातून गोळा करायचे आणि त्यांच्या वरच्या काठाला लागून जाईल असा एक गुळगुळीत वक्र काढायचा. सरासरीतून जाणारा नव्हे, वरच्या काठाचा. एखाद्या वयात योगायोगाने कोणी मोठा धावपटू झालाच नसेल तर तिथे बिंदू खाली पडतो, पण वक्र तिथे खड्डा घेत नाही, सरळ वरून पुढे जातो.

हे काम पहिल्यांदा १९८९ मध्ये वयस्क खेळाडूंच्या जागतिक संघटनेने तक्त्यांच्या रूपात बाहेर आणलं आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा केली. ती संघटना आता वर्ल्ड मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स या नावाने चालते. रस्त्यावरच्या दौडींचे तक्ते पुढे मुख्यतः अ‍ॅलन जोन्स आणि रेक्स हार्वी या दोन अमेरिकन गृहस्थांनी घडवले, आणि नवे विक्रम आले की ते सुधारले जातात. तक्त्यात प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ असते, ५६ ची वेगळी, ५७ ची वेगळी. पाच-पाच वर्षांचे गट नाहीत, आणि हे फार महत्त्वाचं आहे.

का ते पुन्हा व्हिटलॉकवरूनच बघा. त्यांची २:५४:४८ ही वेळ सत्तरीच्या गटाचा विक्रम म्हणून २०२२ पर्यंत टिकली. मग नेदरलँड्सचे यो स्कूनब्रूट २:५४:१९ पळाले, २९ सेकंद कमी. विक्रम मोडला, रीतसर मोडला. पण स्कूनब्रूट तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि व्हिटलॉक ७३ चे. त्या वयात दोन वर्षं म्हणजे मॅरेथॉनमध्ये चार-पाच मिनिटांचा मामला. म्हणजे गटाच्या हिशेबाने नवा विक्रम आणि वयाच्या हिशेबाने जुनीच वेळ भारी. आपल्याकडे दौडीत ४५ ते ६० असा एकच गट असतो तेव्हा ४५ चा माणूस जिंकणार आणि ५९ चा हात चोळत बसणार हे आधीच ठरलेलं असतं.

टक्क्यांना ढोबळ नावंही आहेत. ९० च्या वर जागतिक दर्जा, ८० च्या वर राष्ट्रीय, ७० च्या वर प्रादेशिक, ६० च्या वर स्थानिक. ही नावं फार मनावर घेऊ नका. काकांचे ६६ म्हणजे ते कल्याण तालुक्याचे चॅम्पियन असं नव्हे. नियमित सराव करणारा चांगला हौशी धावपटू, एवढाच त्याचा अर्थ.

आता हे सगळं कुठे फसतं ते. माझ्या मते फसण्याची पहिली जागा तक्ता नाही, वय आहे.

गुणांक दर वर्षाला बदलतो म्हटल्यावर वय बरोबर पाहिजे. आणि आपल्याकडे साठीच्या आसपासच्या माणसांना जन्मतारीख विचारा, निम्मे तरी म्हणतील १ जून. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन गेला, तारीख माहीत नव्हती, गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि शाळा सुरू व्हायच्या सोयीने १ जून लिहून टाकलं. त्यात एखाद-दोन वर्षं इकडे तिकडे झालीच. आपल्या काकांच्या बाबतीत एका वर्षाचा फरक म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. खरं वय ५५ निघालं तर गुणांक ०.८४५ च्या जवळ येईल आणि टक्के ६४.९ होतील, तरी ते पहिलेच. पण खरं वय ५२ निघालं, गुणांक ०.८६६ झाला, तर टक्के ६३.३ आणि विद्यार्थी पुढे. म्हणजे कप आता दाखल्यावरच्या तारखेवर आला.

हे काही आपल्यापुरतं नाही. २०११ च्या त्याच टोरांटोच्या मॅरेथॉनमध्ये, ज्यात व्हिटलॉक ऐंशीव्या वर्षी ३:१५:५४ पळाले, त्याच दिवशी फौजा सिंग हे पंजाबात जन्मलेले बाबाजी ८ तास ११ मिनिटांत शर्यत संपवून आले. वय १०० वर्षं. पासपोर्टवर जन्मतारीख १ एप्रिल १९११. पण जन्माचा दाखला नव्हता, कारण त्या काळात खेड्यात तो कोणी काढतच नसे, आणि त्याच कारणाने गिनीज बुकाने त्यांची नोंद घेतली नाही. जुलै २०२५ मध्ये ते गेले. शंभराव्या वर्षीचा तो एक बिंदू वक्रावर ठेवायचा की नाही, हा प्रश्न कागदावरच अडला. आणि त्या वयात बिंदूच इतके कमी आहेत की एक ठेवला किंवा काढला तरी वक्र हलतो. म्हणून ऐंशीच्या पुढचे टक्के थोडे मीठ लावूनच वाचावेत.

आपल्यापुरता नियम साधा ठेवावा. दौडीच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षं, आणि पुरावा म्हणून कॉलेजच्या कागदपत्रात जी तारीख आहे तीच सगळ्यांना. फॉर्मवर वय लिहून घेऊ नका, जन्मतारीख लिहून घ्या. वय लिहायला सांगितलं की माणसं मागच्या वाढदिवसाचं लिहितात, पुढच्या वाढदिवसाचं लिहितात, काही जण मनातलंही लिहितात.

फसण्याची दुसरी जागा म्हणजे रस्ता. गोवेलीच्या दिशेने जाऊन परत यायचं, मोबाइलवर १० किलोमीटर दिसलं, झालं, असं आपण करतो. मोबाइलचा जीपीएस दर काही सेकंदांनी जागा टिपतो, प्रत्येक टिपणात थोडी चूक असते, आणि ते नागमोडी बिंदू जोडले की अंतर खऱ्यापेक्षा जास्तच भरतं. म्हणजे त्याच्या भरवशावर आखलेला १० किलोमीटरचा रस्ता प्रत्यक्षात छोटा निघतो. समजा तो ९.६ किलोमीटर भरला. सगळ्यांच्या वेळा चार टक्क्यांनी गोड झाल्या. यात एक बरं आहे, सगळे त्याच रस्त्यावर पळाले म्हणून आपसातला क्रम बदलत नाही. पण काकांचे ६६.१ हे खरे ६३.४ च्या आसपास होते, आणि ते उद्या ठाण्याच्या दौडीत पळून ६३ घेऊन आले तर बिचारे समजतील की आपण उतरलो.

रस्ता मोजायची खरी पद्धत सायकलची आहे आणि ती आपल्या कॉलेजात सहज जमेल. आधी एका सरळ रस्त्यावर पोलादी टेपने ३०० मीटर किंवा जास्त अंतर नीट मोजून खुणा करायच्या. त्यावरून सायकल चार वेळा चालवून त्या अंतरात पुढच्या चाकाचे किती फेरे होतात ते काढायचं, मग त्याच सायकलने शर्यतीचा रस्ता मोजायचा. मोजून झाल्यावर पुन्हा त्या खुणांवर चार वेळा, कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा तापते आणि चाकाचा घेर बदलतो. वळणावर धावपटू जो सगळ्यात जवळचा मार्ग घेईल त्याच रेषेवरून सायकल न्यायची, आणि शेवटी हजारात एक या हिशेबाने १० किलोमीटरला १० मीटर जास्त टाकायचे, म्हणजे चूक झालीच तर रस्ता छोटा होत नाही. चाकाचे फेरे मोजणारं जे छोटं यंत्र जगभर यासाठी वापरतात ते १९७१ चं आहे आणि त्याचं नाव जोन्स काउंटर. हे जोन्स म्हणजे वर आलेले तक्तेवाले अ‍ॅलन जोन्सच! माणसाला आधी रस्ता बरोबर मोजायचा होता आणि मग माणसं.

तिसरी गोष्ट चढ आणि हवा. तक्ता सपाट रस्ता आणि चांगली हवा गृहीत धरतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढते. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पावसाळ्यात असते, हवा अशी दमट की घाम वाळतच नाही. त्याच माणसाचे टक्के साताऱ्याला कमी येतील आणि मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये जास्त. म्हणून एकाच दौडीतल्या माणसांची तुलना हे एज ग्रेडिंगचं खरं काम. दोन वेगळ्या दौडींतले टक्के शेजारी ठेवून मेसमध्ये वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, निकाल लागणार नाही.

आता तक्त्याच्या वर्षाबद्दल. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २:३८:२१ पळाली, वय २५. त्या वेळी स्त्रियांचा विक्रम पॉला रॅडक्लिफचा होता, २:१५:२५. त्यावर ललिताचे टक्के ८५.५ येतात. २०१९ मध्ये ब्रिजिड कॉसगेने विक्रम २:१४:०४ वर आणला. आता तेच २:३८:२१ त्यावर तोललं तर ८४.७. ललिता तीच, धाव तीच, 'पैकी'चा आकडा बदलला. म्हणून निकालाच्या खाली कोणत्या वर्षाचा तक्ता वापरला हे छापलंच पाहिजे, आणि गेल्या वर्षीच्या निकालाशी तुलना करायची तर दोन्ही एकाच तक्त्याने पुन्हा काढायचे.

स्त्रियांच्या तक्त्यात हे जास्त घडतं आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच. म्हणजे पहिले तक्ते बनले तेव्हा साठ-सत्तर वर्षांच्या ज्या बायका होत्या, त्यांच्यातल्या फारच थोड्यांना तरुणपणी लांब पळायला मिळालं होतं. बिंदू कमी आणि खाली. नंतर ज्या पिढ्या आयुष्यभर पळत आल्या त्या साठीला पोचल्या आणि मानक वेळा कडक होत गेल्या. शरीर तेच होतं, रस्त्यावर उतरणाऱ्या बायकांची संख्या बदलली.

आपल्या मावशींचा हिशेबही याच कारणाने नाजूक आहे. मी गुणांक ०.९१ धरला म्हणून त्या ५९.८ आणि विद्यार्थिनी ५८.६. तोच ०.९३ धरला असता तर मावशींचे ५८.५ झाले असते आणि क्रम उलटला असता. अंदाजाने धरलेला गुणांक समजावायला ठीक आहे, कप द्यायला नाही. तक्त्यात तो चार दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो, तो तसाच घ्यावा. अंतरही तक्त्यात असलेलंच ठेवावं, ५ किंवा १० किलोमीटर. "स्टेशनपासून कॉलेजपर्यंत आणि परत, साधारण सात" असली दौड ठेवली तर मधले आकडे स्वतः काढत बसावं लागेल. आणि १० चा गुणांक ५ ला लावू नका, अंतराप्रमाणे तो बदलतो.

शेवटी कॉम्प्युटर लॅबमध्ये जे होतं ते. वेळ एक्सेलमध्ये 48:20 अशी टाकली की तो ते अठ्ठेचाळीस तास वीस मिनिटं समजतो. कोणी हुशारीने 48.20 टाकतं, तर ती ४८ मिनिटं १२ सेकंद झाली, कारण मिनिटाचे सेकंद साठ असतात, शंभर नाही. म्हणून सगळं सेकंदात करायचं. बी कॉलममध्ये धावपटूचे सेकंद, सी मध्ये तरुणाची मानक वेळ (स्त्री-पुरुष बघून), डी मध्ये गुणांक, आणि ई मध्ये हे:

```
=ROUND(C2/D2/B2*100,2)
```

काकांच्या ओळीत 2900, 1590 आणि 0.83 घालून बघा. ६६.०६ आलं तर शीट बरोबर आहे. शंभराच्या वर काही आलं तर जल्लोष करण्याआधी ती ओळ पुन्हा तपासा. बहुतेक वेळा तिथे स्त्रीचा गुणांक पुरुषाला लागलेला असतो, नाहीतर कोणीतरी एक फेरी कमी पळालेलं असतं. आणि नोटीस बोर्डावर दोन्ही याद्या लावा, घड्याळाची एक आणि टक्क्यांची एक. कप किती द्यायचे ते जिमखान्याने ठरवावं.